अ‍ॅडाप्टिव्ह लेयर लावूनही वेळ वाचत नाही, वर भिंतीवर पट्टा दिसतो: कुठे बघायचं, काय बदलायचं

थ्रीडी प्रिंटिंगमधली ही तक्रार दर थोड्या दिवसांनी येते आणि तिचा सूर ठरलेला असतो. स्लायसरमध्ये Adaptive, म्हणजे उतार बघून थराची जाडी आपोआप बदलणारं बटण, दाबलं. वेळ जेमतेम काही मिनिटांनी कमी झाला, कधी तर वाढला. प्रिंट निघाल्यावर बघितलं, तर जिथे थर बारीक व्हायला लागतात तिथे एक चमकदार पट्टा. आणि एवढं करून घुमटाच्या टोकाला गोल गोल रिंगा आहेतच. मग माणूस वैतागून सगळीकडे 0.2 मिमीचा थर लावतो आणि हे फीचर बेकार आहे असं ठरवतो.

फीचर बेकार नाही. पण ते नेमकं काय बघून थर बारीक करतं हे कळलं नाही, तर ते नको तिथे वेळ खातं. खाली मी प्रुसास्लायसर धरून लिहितो. ऑर्कास्लायसरमध्ये हेच साधन जवळपास याच नावांनी आहे. क्युराचं गणित थोडं वेगळं, ते पुढे.

उदाहरण म्हणून एकच वस्तू घेऊ: जिन्याच्या कठड्याच्या खांबावर बसवायची टोपी. 40 मिमी व्यासाचा सरळ गोल भाग, 60 मिमी उंच, त्यावर 20 मिमी त्रिज्येचा अर्धगोल घुमट. म्हणजे एकूण उंची 80 मिमी. खालून 15 मिमीवर बाजूने एक 5 मिमीचं आडवं भोक, स्क्रूसाठी. दोन पेरिमीटर, 15 टक्के इन्फिल, 0.4 नोझल, पीएलए. अशा चार टोप्या हव्यात.

"वक्र" म्हणजे कुठला वक्र

पहिला घोळ इथेच होतो. या टोपीचा खालचा 60 मिमीचा भाग गोल आहे, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की तोही वक्र पृष्ठभाग आहे आणि तिथेही बारीक थर लागणार. नाही लागत. तो गोलवा आडव्या पातळीत आहे. तो नोझल फिरून काढते, थराच्या जाडीचा त्याच्याशी काही संबंध नाही. वरून खाली बघितलं तर ती भिंत सरळ उभी आहे, आणि उभ्या भिंतीवर थर 0.08 चा असो की 0.24 चा, पायरी पडतच नाही. तिथे काही खडबडीत दिसत असेल तर कारण एसटीएल फाईल एक्सपोर्ट करताना घेतलेले मोजके त्रिकोण. तो प्रश्न कॅडमध्ये सोडवायचा, स्लायसरमध्ये नाही.

पायरी पडते ती भिंत आडवी व्हायला लागली की. पायरीची रुंदी काढायचं सूत्र सोपं आहे:

```
w = h / tan(a)
```

इथे h थराची जाडी आणि a पृष्ठभागाचा आडव्या पातळीशी कोन. आपल्या घुमटावर, घुमटाच्या तळापासून 10 मिमीवर हा कोन 60 अंश आहे, म्हणजे 0.2 च्या थराला पायरी सुमारे 0.12 मिमी. ती डोळ्याला दिसत नाही. सव्वासतरा मिमीवर कोन 30 अंशांवर येतो आणि पायरी 0.35 मिमी होते. 19 मिमीवर कोन साधारण 18 अंश, पायरी 0.6 मिमी, आणि ही लांबूनही दिसते. त्याच जागी थर 0.08 चा केला तर पायरी 0.24 मिमीवर येते.

म्हणजे 80 मिमीच्या वस्तूत बारीक थरांची खरी गरज आहे ती वरच्या 10 मिमीत. बाकीच्या 70 मिमीत ते फुकट आहेत. Adaptive ने हेच करायचं असतं. तो करत नसेल तर का, हे आता बघू.

वेळ वाचत नाही: आधी तुलना कशाशी करताय ते बघा

सगळी टोपी 0.2 ने केली तर 400 थर होतात, 0.08 ने केली तर 1000. थराची मर्यादा 0.08 ते 0.2 ठेवून अ‍ॅडाप्टिव्ह केली तर सरळ भागाचे 300, घुमटाच्या खालच्या अर्ध्याचे साधारण 50 आणि वरच्या 10 मिमीचे, सरासरी 0.12 धरून, 83. म्हणजे 433.

याचा अर्थ साधा आहे. 0.2 च्या प्रिंटशी तुलना केली तर अ‍ॅडाप्टिव्ह वेळ वाचवणार नाही, थोडा जास्तच घेईल. तो वाचवतो 0.08 च्या प्रिंटच्या तुलनेत. "आधी 0.2 ने करत होतो, आता अ‍ॅडाप्टिव्हने जास्त वेळ दाखवतंय" ही तक्रारच नाही, ते अपेक्षित आहे. तुम्हाला 0.08 चा घुमट जवळपास 0.2 च्या वेळात मिळतोय, सौदा तो आहे.

त्यापुढे प्रश्न येतो जास्तीत जास्त जाडीचा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये `Extruder 1` खाली `Layer height limits` असतं, तिथे `Min` आणि `Max`. प्रुसास्लायसरमध्ये `Max` शून्य असेल तर तो नोझलच्या व्यासाच्या 75 टक्के धरतो, म्हणजे 0.4 नोझलला 0.3. बऱ्याच तयार प्रोफाइलमध्ये तो कमी ठेवलेला असतो. तुमचा मूळ थर 0.2 आणि `Max` सुद्धा 0.2 च्या आसपास असेल, तर सरळ भागात जाड व्हायला जागाच नाही. मग अ‍ॅडाप्टिव्ह फक्त बारीक करणार, आणि वेळ वाढणारच. हे आकडे बदलले की साधनात परत जाऊन `Adaptive` पुन्हा दाबा, नाहीतर आधी काढलेलाच आराखडा वापरला जाईल.

थर कमी झाले, तरी घड्याळ हलत नाही

आता `Max` 0.28 केला. सरळ भागाचे थर 300 वरून 214 वर आले. थर जवळपास 29 टक्क्यांनी घटले, पण वेळ तेवढा घटत नाही. इथे दोन वेगळी कारणं असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून अंदाज न करता प्रिव्ह्यू उघडा आणि डाव्या बाजूच्या यादीत आधी `Layer time`, मग `Volumetric flow rate (mm³/s)` लावून बघा.

पहिलं कारण म्हणजे हॉटएंडची मर्यादा. फिलामेंटच्या सेटिंगमध्ये `Max volumetric speed` समजा 12 आहे. 0.45 मिमी रुंदीची रेघ 0.2 च्या थरात घातली तर 12 घन मिमी प्रति सेकंद गाठायला वेग लागतो 133 मिमी प्रति सेकंद. तीच रेघ 0.28 च्या थरात घातली तर ती मर्यादा 95 लाच येते. स्लायसर मुकाट्याने वेग तेवढा खाली आणतो. थर 29 टक्के कमी झाले आणि वेगही तेवढाच कमी झाला, म्हणजे इन्फिलमध्ये काहीच हाती लागलं नाही. बाहेरची पेरिमीटर मुळातच हळू असतात, त्यांच्यात मात्र बचत होते. सध्याच्या वेगवान प्रिंटरवर, जिथे इन्फिल आधीच 200 च्या पुढे पळतं, तिथे हे फार दिसतं. फ्लोच्या चित्रात सरळ भागाचं इन्फिल सगळं एकाच वरच्या रंगात, बरोबर त्या 12 वर टेकलेलं असेल, तर तुमचा प्रश्न हा आहे. अशा वेळी `Max` ओढून वर नेण्यात अर्थ नाही. तो 0.2 वरच ठेवा. उगाच जाड थरांमुळे येणारा पट्टाही टळतो.

दुसरं कारण कूलिंगचं. `Slow down if layer print time is below` मध्ये पीएलएला समजा 15 सेकंद लिहिले आहेत. आपल्या एका टोपीच्या सरळ भागात एका थरात दोन पेरिमीटरची सुमारे 245 मिमी आणि इन्फिलची सुमारे 420 मिमी वाट चालायची असते. सरासरी 60 मिमी प्रति सेकंद धरले तर 11 सेकंद. म्हणजे एकच टोपी बेडवर असेल तर तिचा प्रत्येक थर, खालपासून टोकापर्यंत, 15 सेकंदांवर ताणला जातो. अशा वेळी हिशेब अगदी रोखठोक असतो: थरांची संख्या गुणिले 15 सेकंद. 0.2 ने 400 थर म्हणजे 100 मिनिटं, आपले 433 म्हणजे सुमारे 108 मिनिटं, 0.08 चे 1000 म्हणजे 250 मिनिटं. टोकाचा थर एका बोटाएवढा असला तरी त्याला पूर्ण 15 सेकंद मोजावे लागतात.

इथे उपाय सोपा आहे, तो म्हणजे एकाच वेळी चारही टोप्या छापणं. मग सरळ भागाचा एक थर 44 सेकंदांवर जातो, आणि टोकाजवळ, जिथे एकट्या टोपीला 5 सेकंद पुरतात, तिथे चारांना मिळून 20 सेकंद लागतात. अगदी शेवटचे मोजके थर सोडले तर कुठलाच थर 15 च्या खाली येत नाही, म्हणून स्लायसरला ताणायचं कारण राहत नाही. एका टोपीमागचा वेळ घटतो. एकच वस्तू हवी असेल तर हा मार्ग नाही हे खरं, पण तेव्हा वेळ का लागतोय हे तरी कळतं, आणि कूलिंगचा आकडा 15 वरून 8 वर आणून टोक वितळल्यासारखं करून घेण्याचा मोह टळतो.

चोर भोकात असतो

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण मी मुद्दाम इथवर राखून ठेवलं. प्रिव्ह्यूत `Height (mm)` लावा आणि टोपी बाजूने बघा. घुमट बारीक थरांचा दिसेल, ते ठीक. पण खाली 12.5 ते 17.5 मिमीच्या मध्ये आणखी एक बारीक थरांचा पट्टा दिसेल. तो त्या स्क्रूच्या भोकामुळे आहे.

थर एका उंचीवर पूर्ण वस्तूला एकच असतो. भोक आडवं आहे, त्यामुळे त्याची तळाची आणि माथ्याची कमान जवळपास आडवी आहे. स्लायसर त्या उंचीवरचे सगळे त्रिकोण बघतो आणि त्यातला सगळ्यात अवघड त्रिकोण जी जाडी मागेल ती सगळ्या थराला देतो. 5 मिमीच्या भोकापायी 40 मिमीच्या पूर्ण वर्तुळाचे थर बारीक होतात. 25 थरांच्या जागी, सरासरी 0.12 धरली तरी, 42.

हे 17 जास्तीचे थर घुमटाच्या टोकावरच्या जास्तीच्या थरांपेक्षा महाग आहेत, कारण इथे थराचं क्षेत्रफळ 1257 चौरस मिमी आहे आणि घुमटाच्या 19 मिमीवर 122, म्हणजे दहावा हिस्सा. चार टोप्यांच्या प्लेटवर टोकाचा थर 20 सेकंदांचा, तर इथला 44 चा. 17 गुणिले 44 म्हणजे साडेबारा मिनिटं, आणि ती कशासाठी, तर स्क्रू बसल्यावर कुणाला न दिसणाऱ्या भोकाच्या गुळगुळीत कमानीसाठी. बाजूच्या भिंतीवर कोरलेली अक्षरं असतील तर त्यांच्या गोलाईमुळेही हेच होतं. केबलची खाच, आडवी खुंटी, भिंतीवरची गोल जाळी, सगळी याच जातीची.

उपाय हाताने करायचा. मॉडेल निवडून वरच्या पट्टीतलं `Variable layer height` उघडा. उजव्या कडेला उभी पट्टी येते, तिच्यावर थरांच्या जाडीची रेघ दिसते. आधी `Adaptive` दाबा. मग त्या पट्टीवर 12 ते 18 मिमीच्या उंचीवर माऊसचं उजवं बटण दाबून धरा. थर जाड होत जातात. डावं बटण धरलं तर बारीक होतात. शिफ्ट धरून डावं बटण दाबलं तर तेवढा भाग मूळ जाडीवर परततो, आणि आपल्याला इथे बहुतेक तेच हवं असतं. चाक फिरवलं की एका वेळी किती उंचीचा पट्टा बदलेल ते कमीजास्त होतं. भोकापुरता तो लहान ठेवा, नाहीतर शेजारचंही बदलतं.

डिझाइन तुमचंच असेल तर त्याहून चांगला मार्ग कॅडमध्ये आहे: भोक थेंबाच्या आकाराचं करा, माथ्याला 45 अंशांचं टोक. मग माथ्याची आडवी कमान उरत नाही आणि सपोर्टशिवाय भोकही नीट येतं. तळाची कमान मात्र राहते, तेवढ्यापुरतं शिफ्ट आणि डावं बटण लागेलच.

पट्टा कुठून येतो

आता दिसण्याची तक्रार. सरळ भाग मॅट, मग एकदम एक रेघ, आणि वरचा भाग चकचकीत. नखाने चाचपून बघितलं तर काही जाणवत नाही, पण उजेडात तिरपं धरलं की स्पष्ट दिसतं. सिल्क फिलामेंटमध्ये तर न बघताही दिसतं. काळ्या आणि गडद निळ्या रंगात मधलं काहीतरी, पांढऱ्या मॅटमध्ये बहुतेक लपून जातं.

बहुतेक जण याला झेडच्या स्क्रूचा दोष समजतात आणि नट सोडून बसतात. नखाला धार लागली, भिंत तिथे बाहेर किंवा आत सरकलेली असली, तर तो यांत्रिक दोष असू शकतो. धार नसेल आणि फक्त चमक बदलली असेल तर कारण प्लास्टिकच्या प्रवाहात आहे. बाहेरची पेरिमीटर 40 मिमी प्रति सेकंदाने चालते असं धरू. 0.28 च्या थरात नोझलमधून सुमारे 5 घन मिमी प्रति सेकंद जातात, 0.08 च्या थरात दीडच्या आत. तापमान तेच, वेग तोच, पण प्लास्टिक नोझलमध्ये साडेतीन पट जास्त वेळ राहतं, जास्त तापून, जास्त चकचकीत होऊन बाहेर येतं. हा बदल दोन-चार थरांत झाला तर डोळा तो पकडतो. वीस-तीस थरांत पसरला तर नाही.

म्हणून `Adaptive` नंतर `Smooth` दाबायचंच. त्याच्या शेजारचा `Radius` वाढवला की तो जास्त थरांवर बदल पसरवतो, आणि बटण पुन्हा दाबलं की आणखी. `Keep min` वर टिक ठेवा, नाहीतर सपाट करण्याच्या नादात घुमटाच्या टोकाचे बारीक थरही जाड होऊन बसतात आणि ज्यासाठी हे सगळं केलं तेच जातं. ऑर्कातही ही तिन्ही नावं तशीच आहेत.

पण माझ्या मते `Smooth` पेक्षा मोठा फरक पडतो तो मर्यादा जवळ आणल्याने. 0.08 ते 0.28 असा साडेतीन पटींचा पल्ला ठेवून कितीही सपाट केलं तरी सिल्कमध्ये चमक सरकलेली दिसतेच. 0.1 ते 0.2, म्हणजे दुप्पट, एवढ्यात ठेवलं तर साध्या पीएलएत पट्टा जवळजवळ नाहीसा होतो. दिसायची वस्तू असेल तर मी दुपटीच्या पुढे जात नाही. माळ्यावर ठेवायच्या डब्याला काय हवं ते करा.

चमकीचं दुसरं कारण वर येऊन गेलेलं कूलिंगच आहे. एकटी टोपी छापताना सरळ भाग 60 ऐवजी 44 मिमी प्रति सेकंदाने चालतो, पण टोकाचा थर 15 सेकंदांवर ताणायला वेग 18 पर्यंत खाली येतो. हळू चाललेलं पीएलए चकचकीत दिसतं, जोरात चाललेलं मॅट. म्हणजे घुमटावर थर बारीक झाल्यामुळे आलेली चमक आणि वेग पडल्यामुळे आलेली चमक एकावर एक बसते. `Layer time` च्या चित्रात घुमटाचा भाग सगळा 15 वर टेकलेला आणि `Speed (mm/s)` च्या चित्रात तो वर वर मंदावत गेलेला दिसला, तर नुसत्या `Smooth` ने भागणार नाही. चार टोप्या एकत्र छापा. ऑर्कात फिलामेंटच्या कूलिंगमध्ये `Don't slow down outer walls` आहे, ते लावलं तर बाहेरची भिंत आपल्या वेगाने चालते आणि फक्त आतलं मंदावतं.

आणि पट्टा घालवता येत नसेल तर लपवता येतो. टोपीच्या सरळ भागाचा आणि घुमटाचा जिथे सांधा आहे तिथे डिझाइनमध्ये एक मिमीची खाच किंवा गोठ ठेवला, आणि जाडी बदलायला तिथूनच सुरुवात केली, तर चमकेतला फरक मुद्दाम केल्यासारखा दिसतो.

टोकाला खड्डे, पातळ टोपी

हे अ‍ॅडाप्टिव्ह लावल्यावरच सुरू होतं आणि लोक त्याचा संबंध जोडत नाहीत. 0.2 च्या प्रिंटमध्ये घुमटाचा माथा भरीव यायचा, आता तिथे आतल्या इन्फिलची जाळी उमटते, कधी टाचणीएवढी भोकं दिसतात.

सेटिंगमध्ये वरचे भरीव थर समजा 4 लिहिलेत. 0.2 ने ते 0.8 मिमी होतात. घुमटाच्या माथ्यावर थर 0.08 चे झाले की तेच 4 थर 0.32 मिमीचे. 15 टक्के इन्फिलच्या मोकळ्या जागांवर एवढी पातळ साय टिकत नाही. `Print Settings` मध्ये `Layers and perimeters` खाली `Minimum shell thickness` असतं. तिथे `Top` ला 0.8 किंवा 1 लिहा. मग थर कितीही बारीक झाले तरी स्लायसर तेवढी जाडी भरेपर्यंत भरीव थर वाढवत जातो. शिवाय दोनच्या जागी तीन पेरिमीटर घेतली तर उताराचा भाग पेरिमीटरनेच झाकला जातो. 0.08 ला 10 अंशांच्या उतारावर पायरी 0.45 मिमीची असते, तिथे पेरिमीटर पुरतात. थोडा वेळ वाढतो, पण हा वेळ वाचवण्यालायक नाही.

टोकाच्या रिंगांचं मात्र खरं सांगतो, त्या थरांनी जात नाहीत. घुमटाच्या शेवटच्या दशांश मिमीत कोन सहा अंशांच्या खाली जातो आणि 0.08 लाही पायरी 0.8 मिमी होते. `Min` आणखी खाली, 0.05 वर नेऊन काही थर वाढतात, रिंगा तिथेच राहतात, फक्त लहान होतात. तिथे 400 चा पेपर आणि पाणी हेच औषध. नाहीतर डिझाइनमध्ये माथ्याला 6 मिमीचा सपाट डाग ठेवा, तो सगळ्यात स्वच्छ निघतो. टोपी आडवी छापून रिंगा टाळू म्हणाल, तर मग सरळ भागाची गोलाईच झेडमध्ये येते, सगळीकडे बारीक थर लागतात, आणि अ‍ॅडाप्टिव्हचा मुद्दाच संपतो.

क्युरावाल्यांसाठी

क्युरात `Use Adaptive Layers` लावलं की तीन आकडे येतात. `Adaptive Layers Maximum Variation` म्हणजे मूळ थरापासून वर-खाली किती जायचं. मूळ 0.16 आणि हा आकडा 0.04 असेल तर 0.12 ते 0.2, बहुतेक वस्तूंना पुरे. `Adaptive Layers Topography Size` म्हणजे वरच्या सूत्रातली पायरीची रुंदी, जी क्युराने गाठायचा प्रयत्न करायची. 0.2 लिहिलं तर 30 अंशांच्या उतारावर त्याला 0.115 चा थर हवा असतो, आणि 18 अंशांवर 0.065 चा, जो वरच्या मर्यादेत मिळत नाही. हा आकडा लहान केला की बारीक थर लवकर सुरू होतात, घुमटाच्या खालच्या भागापासूनच, आणि वेळ वाढतो. `Adaptive Layers Variation Step Size` म्हणजे एका थरातून दुसऱ्यात जास्तीत जास्त किती फरक. 8 मिमी लीडचा स्क्रू आणि 200 स्टेपची मोटर असलेल्या साध्या प्रिंटरवर मोटरची एक पूर्ण स्टेप 0.04 मिमीची असते. जाड-बारीक होताना भिंतीवर बारीक लाटा दिसत असतील तर हा आकडा आणि मूळ थर दोन्ही 0.04 च्या पटीत ठेवून बघा.

एक मर्यादा मात्र मोठी आहे. क्युरात हे थर सगळ्या प्लेटला सामाईक असतात आणि एकेका उंचीपुरते हाताने दुरुस्त करता येत नाहीत. टोपीच्या शेजारी एक गोल मूर्ती ठेवलीत तर मूर्तीचे सगळे बारीक थर टोपीच्या सरळ भागालाही लागतील. अशा वस्तू वेगळ्या प्लेटवर घ्या.

मूर्तीवरून आठवलं. दर वर्षी गणपतीच्या आधी विचारणा येते की अ‍ॅडाप्टिव्हने मूर्तीचा किती वेळ वाचेल. बसलेल्या गणपतीत कुठलीही उंची घ्या: मांडी, पोट, सोंड, हात, मुकुट, कुठेतरी काहीतरी आडवं वळतच असतं. त्या एका जागेसाठी पूर्ण थर बारीक होतो. प्रिव्ह्यूत `Height (mm)` लावलं की वरपासून खालपर्यंत एकच रंग दिसतो. तिथे सरळ 0.12 लावा आणि सोडा. वाचलाच तर सपाट चौरंगात थोडा वेळ वाचतो, तोही वेगळा छापला तर जास्त.

आणखी दोन अडथळे

प्रुसास्लायसरमध्ये एकाच प्लेटवरच्या वस्तूंना वेगवेगळे आराखडे देता येतात, पण ते जपून. एका टोपीचे थर हाताने बदलले आणि बाकी तीन तशाच राहिल्या, तर थरांच्या उंच्या जुळत नाहीत. नोझल एका टोपीचा थर करून दुसरीकडे जाते, परत येते, आणि या येण्याजाण्यात धागे ओढले जातात. आधी एक टोपी पूर्ण तयार करा, भोकाचा पट्टा दुरुस्त करा, `Smooth` करा, आणि मगच तिच्या प्रती काढा. आराखडा प्रतींबरोबर जातो.

रंग बदलायला वाइप टॉवर लावला असेल आणि वस्तूंचे थर सारखे नसतील तर प्रुसास्लायसर स्लाइसच करत नाही, चूक दाखवून थांबतो. ऑर्गॅनिक सपोर्ट निवडला असेल तरीही तो थरांच्या बदलत्या जाडीला नकार देतो. त्यासाठी साधा ग्रिड किंवा स्नग सपोर्ट घ्यावा लागतो. आपल्या टोपीला 5 मिमीच्या भोकासाठी सपोर्ट लागतच नाही, तेव्हा तो आधी बंदच करून टाका.